भरतीचा तक्ता आणि जुनी फाइल

आमच्या मच्छीमार सोसायटीतला कॉम्प्युटर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वारला. खाऱ्या हवेने त्याला आतून गंज चढला होता. कारकुनांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज घरातलंच कोणीतरी गेल्यासारखा होता.

"ताई, आता पहिल्या तारखेचा तक्ता कसा निघायचा?"

मी रत्नागिरीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. सोसायटीसाठी बऱ्याच वर्षांपूर्वी, हौसेने आणि बऱ्याचशा मिजाशीने, मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. भरतीचं पुरेसं पाणी नसेल तर होडी त्यावर बसते, आणि लाट आली तर उलटतेसुद्धा. बंदराचं भरती-ओहोटीचं वर्षाचं कोष्टक मिळतं, पण बंदर आणि आमची खाडी यांच्या वेळा जुळत नाहीत. कारकून ते कोष्टक टाइप करून द्यायचे, प्रोग्रॅम त्यात खाडीपुरती दुरुस्ती करायचा आणि बारा महिन्यांचा तक्ता छापून बाहेर टाकायचा. तो सोसायटीच्या भिंतीवर लागायचा आणि त्याच्या प्रती घरोघरी जायच्या.

त्याआधी हे काम चाचा करायचे. चाचा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले सगळ्यात जुने तांडेल, होडीचे सुकाणू धरणारे. चंद्राची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करून तास काढायचे, खाडीचं थोडं अधिकउणं करायचं, की भरतीची वेळ हातात. पाउणकीचा पाढा त्यांना झोपेतही यायचा. शेजारच्या भंडारी आळीतली माणसं तिथी धरायची. चाचा म्हणायचे, "तुमची तिथी, आमचा चांद, पानी एकच." खाडीपुरती दुरुस्ती किती, हेही मी त्यांच्याच वहीतून घेतलं होतं. ते मात्र तक्त्यावर कुठेतरी लिहावं, हे मला सुचलं नव्हतं.

तर नवा लॅपटॉप आला. मी पेनड्राइव्ह घेऊन सोसायटीत गेले, प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला होता ती पायथन नवीकोरी घातली आणि ऐटीत सांगितलं, "पाच मिनिटं. चहा सांगा."

प्रोग्रॅमला इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या कुठकुठल्या लायब्ऱ्या लागतात याची यादी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये असते. मी तरुणपणी फार शिस्तीची. प्रत्येक नावापुढे दोन बरोबरच्या खुणा करून नेमकी आवृत्ती ठोकून ठेवलेली. हीच हवी, दुसरी चालणार नाही. सासूबाईंच्या वाणसामानाच्या यादीसारखं.

पहिल्याच ओळीवर गाडी अडली. आकडेमोडीची ती लायब्ररी इतकी जुनी, की आजच्या पायथनसाठी तिचं तयार पाकीट कुणी बांधलेलंच नाही. तयार पाकीट नाही म्हटल्यावर पिप, म्हणजे लायब्ऱ्या बसवून देणारा गडी, तिचा मूळ कोड उतरवून घेतो आणि इथेच बांधायला बसतो. बांधायला लागणारं डिस्ट्युटिल्स नावाचं अवजार मधल्या काळात पायथनमधून काढून टाकलेलं. पडदाभर लाल अक्षरं सांडली. कारकून चष्मा पुसत म्हणाले, "ताई, हा पन गेला काय?"

चहा आला, प्यायला, कप परत गेला. लाल अक्षरं तिथेच होती.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक तर त्या काळातला जुना पायथन शोधून वेगळा बसवायचा आणि जुनी यादी जशीच्या तशी चालवायची. नाहीतर आवृत्त्यांचे खिळे उपटायचे, आजच्या लायब्ऱ्या घ्यायच्या आणि कोड दुरुस्त करायचा. जुना पायथन म्हणजे शिळ्या कढीला ऊत. शिवाय दर वर्षी यांनी मला बोलवायचं. मी खिळे उपटले.

सगळं दोन मिनिटांत बसलं. प्रोग्रॅम चालवला तर एका जुन्या नावावर कुरकुरला, ते नाव नव्या लायब्ररीत उरलं नव्हतं. बदललं. पुन्हा चालवला. आता तो तारखांवर अडला. कारकुनांनी नव्या वर्षाचं कोष्टक आधीच टाइप करून, मागच्या वर्षांच्या कोष्टकांबरोबर, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. त्यातली १३ जानेवारीची ओळ दाखवून प्रोग्रॅम म्हणत होता, ही तारीख ठरल्या साच्यात बसत नाही.

"तेरा-एक मध्ये काय वाईट आहे?" मी त्याला मोठ्याने विचारलं. कारकुनांनी घाईघाईने सांगितलं, "मी बरोबर टाइप केलंय हां."

त्यांनी बरोबरच केलं होतं. आपण सगळे लिहितो तसं, आधी दिवस, मग महिना. पण लायब्ररी आपल्याला कुठे विचारते! ती आधी महिना धरते. पहिली ओळ एक-एक, तिथे दोन्ही सारखंच. बारा-एकपर्यंत तिचं निभलं. तेरा-एकला तेरावा महिना कुठून आणणार? म्हणून ती थांबली. दिवस आधी आहे हे तिला सांगायला एक शब्द पुरतो. तो मी लिहिला, आणि तक्ता सुरेख छापून आला.

कारकुनांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीकडे निघाले. मी मात्र खुर्चीतून उठले नाही. हा एक शब्द जुन्या कोडमध्ये नव्हता. मग जुन्या लायब्ररीने इतकी वर्षं तेरा-एकचं काय केलं?

"थांबा," मी म्हटलं. "लावू नका अजून."

घरी येऊन मी ती टाळलेली पहिली वाट धरली. जुना पायथन वेगळा बसवला. त्याच्यासाठी जुनी पाकिटं अजून मिळतात, त्यामुळे यादी निमूटपणे उतरली. मागच्या वर्षांची कोष्टकं जुन्या प्रोग्रॅममधूनही काढली आणि नव्यातूनही, आणि शेजारी शेजारी ठेवली.

जुनी लायब्ररी भलतीच समजूतदार होती. तेरा-एक महिना म्हणून बसत नाही ना, मग तो दिवस असेल, असं ती स्वतःच्या मनाने ठरवायची आणि गप्प राहायची. आणि सात-एक दिसलं की १ जुलै समजायची. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत दिवस आणि महिना एकच असलेली तारीख सोडली, तर माझा तक्ता भलत्याच दिवसाचं पाणी दाखवत होता. ७ जानेवारीला १ जुलैची भरती.

आणि कुणाला कळलं कसं नाही? त्यात तर खरी मेख होती. ५ मार्चच्या जागी ३ मे गेला, तर मध्ये एकोणसाठ दिवस जातात. एकोणसाठ दिवसांत चंद्राच्या बरोबर दोन फेऱ्या होतात. भरती जवळपास त्याच वेळेला. दिवस-महिना उलटले की बहुतेक वेळा चंद्र पुन्हा तिथेच, थोडा मागेपुढे. पण मध्ये अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी आला की घोळ वाढतो. ७ जानेवारीला सुमारे पावणेदोन तासांची चूक होती. आमची माणसं तक्त्यातल्या वेळेपेक्षा समोरच्या पाण्यावर जास्त विश्वास ठेवतात, म्हणून निभावलं. नशीब आमचं.

तेव्हा मला चाचांची आठवण झाली. तक्त्याच्या पहिल्याच वर्षी ते माझ्याकडे कागद घेऊन आले होते. "बाय, हा कधी कधी चुकतो गो." मी कामात होते. मी मान वर न करता म्हटलं होतं, "चाचा, माणूस चुकतो. कॉम्प्युटर नाही चुकत." ते हसले आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी सुकाणू मुलाच्या हाती दिलं. वय झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा तक्ता घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सूनबाईंनी सोलकढी पुढे केली. मी विचारलं, "चाचा, जुने तक्ते ठेवलेत का तुम्ही?"

दाराच्या मागे खिळ्याला सगळ्या वर्षांचे कागद टोचलेले होते. त्यांनी काढून दिले. पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या कागदावर पेन्सिलीने फुल्या होत्या आणि फुलीशेजारी बारीक अक्षरात चाचांची स्वतःची वेळ. मी महिने चाळत गेले. फुल्या पहिल्या बारा दिवसांतच होत्या. तेरा तारखेपासून पुढे एकही नाही. मी नव्या प्रोग्रॅममधून काढलेल्या वेळा त्यांच्या आकड्यांशी लावून बघितल्या. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता. तिसऱ्या वर्षाचा कागद मात्र कोरा होता, आणि त्यापुढचे सगळेच.

"चाचा, हे बरोबर होतं. सगळं. माझा कागद चुकीचा होता."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "म्हंजे माझी पाउणकी चुकत नव्हती?"

"नाही. मी चुकत होते."

त्यांनी कागदावरच्या एका फुलीवर बोट टेकवलं. मग शांतपणे म्हणाले, "मला वाटलं डोकं गेलं माझं. कॉम्प्युटर काय खोटं बोलनार? म्हनलं, म्हातारा मानूस हिशेब चुकतोय, एक दिवस होडी वाळूवर घालील, पोरं बुडवील. म्हनून सोडलं सुकाणू."

माझ्या हातात सोलकढीचा पेला होता. तो खाली ठेवायचंही मला सुचेना. मला लाज वाटली, इतकी की माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. चाचाच मला समजावायला लागले. "अगो, असू दे. कुनी मेला नाय ना?"

एकतीस तारखेला सोसायटीत सगळ्यांसमोर मी चूक सांगितली, कुणाची होती तेही सांगितलं. तक्त्याच्या खाली या वेळी छापलं, खाडीची दुरुस्ती चाचांच्या वहीवरून. यापुढे पहिले बारा दिवस चाचांनी ताडून बघितल्याशिवाय तक्ता लागणार नाही, असं ठरलं. चाचा खिशात पेन्सिल घेऊनच आले होते. जानेवारीच्या रकान्यावरून बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत पाउणकी म्हणत बारापर्यंत गेले, आणि पेन्सिल तशीच खिशात ठेवली.

एक तारखेला मी जेटीवर गेले. भरतीची वेळ तक्त्यात होती तीच चाचांनी तक्ता न बघता सांगितली, आणि पाणीही त्याच वेळेला चढलं. मुलाने होडी जवळ आणून हाक मारली, "बाबा, येता का? आज तुम्ही धरा सुकाणू."

चाचा दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर थांबले, गुडघ्यावर हात ठेवला, आणि मुलाला हातानेच जा म्हणून सांगितलं.