गुडघ्यावरचा चटका

शुद्धलेखनाची चूक होईल. अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंतच शाळा झाली, आणि इतकी वर्षं हाताला लेखणीपेक्षा फडकंच जास्त लागलं. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी लिहून ठेवते, कारण त्या दिवशी मी काय केलं ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. लोक मात्र आपापल्या परीने सांगत फिरतात.

मी शेलूबाजारजवळ हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात फरशी पुसते. लग्न उठलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या हॉलभर वाळलेला भात, वरण, हळद, पानाची पिंक. मालकीणबाईंना दांड्याचा पोछा चालायचा नाही. "उभ्यानं पुसलं का कोपऱ्यात घाण राह्यते," म्हणायच्या. म्हणून रोज दोन्ही गुडघे टेकून, एका हाताने घासणी आणि दुसऱ्या हाताने फडकं, भिंतीपासून दारापर्यंत मागे मागे सरकत यायचं. उजव्या गुडघ्यावर भार जास्त, कारण मी उजव्या हाताने घासते.

त्या गुडघ्यावर आधी कातडी जाड झाली. मग वाटीवर लिंबाएवढी सूज आली. दुखत नव्हती फारशी. बोटाने दाबलं की आत पाणी हलल्यासारखं व्हायचं. पाय मुडपत होता, चालता येत होतं. मी लुगड्याखाली झाकून ठेवलं. दोन महिन्यांत ती अंड्याएवढी झाली, आणि टेकताना आत खडा बोचल्यासारखं वाटायला लागलं.

नवऱ्याने पाहिलं. माझा नवरा बैल डागतो. गावात त्याच्या हाताला गुण आहे असं म्हणतात. बैलाच्या पुढच्या गुडघ्याला अशीच पाण्याची सूज येते, तेव्हा तो सळई लाल करून तिच्यावर तीन रेघा ओढतो. आजूबाजूच्या गावांतून लोक बैल घेऊन येतात.

"हे तं बैलाचंच दुखणं हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात जाऊन कायले पैसे घालवते? मी हाओ ना."

मी नको म्हटलं. पण माझं नको कोणाला ऐकू जाईल एवढं मोठं नव्हतं. सासू माझ्या पायांवर बसली. तिने माझे घोटे धरले आणि त्याने चुलीतून सळई काढली. पहिली रेघ ओढली तेव्हा कातडीचा आवाज आला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. तिसऱ्या रेघेपर्यंत मी पदर चावून फाडला होता. मी मुतले, तिथेच. सासू म्हणाली, "बाई, बैलबी इतकं नाई करत."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. त्याच गुडघ्यावर टेकले. चटक्याचे फोड फुटले, त्यात फरशीचं घाण पाणी गेलं. चौथ्या दिवशी गुडघा लालभडक झाला. हात लावला तर तापलेल्या विटेसारखा. जांघेत गाठ आली, अंगात थंडी भरली. रात्रभर दात वाजत होते.

सकाळी नवऱ्याने पाहिलं आणि मान हलवली. "खोल नाई गेला. अजून एक पाह्यजे." त्याने सळई पुन्हा चुलीत घातली.

मी बाजेवर होते. सासू पाय धरायला वाकली. तिला मी लाथ मारली, डाव्या पायाने, छातीत. ती भिंतीवर आपटली. नवरा सळई घेऊन आला, म्हणाला, "माह्या मायले मारते?" आणि दुसऱ्या हाताने माझे केस धरले. उशाशी पितळेचा पाण्याने भरलेला गडवा होता. तो मी त्याच्या कपाळावर मारला. एकदा नाही, दोनदा. पहिल्याने तो थांबला असता. दुसरा मी का मारला ते मला माहीत आहे, आणि मी त्याचा पश्चात्ताप केला नाही. सळई जमिनीवर पडली, शेणाने सारवलेली जमीन करपली. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "मेलो वं."

मी उठले, भिंतीला धरत रस्त्यावर गेले. जीप आली. मी बसले. मागून तोही आला, डोक्याला दुपट्टा दाबून. दुसरी जीप तासाभराने होती.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "दोघंबी? कोनं कोनाले मारलं जी?"

मी बाहेर पाहिलं, नवऱ्याने दुपट्टा आणखी घट्ट दाबला.

"बरं. रक्त सीटले लागू देऊ नका."

नवरा शेलूबाजारात खासगी डॉक्टरकडे उतरला. मी पुढे मंगरुळपीरच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरबाई खेड्यातल्याच असाव्यात, त्या वऱ्हाडीतच बोलल्या. त्यांनी पाय हळू मुडपून पाहिला. "सांध्याच्या आत नाई. वाटी अन् कातडी यांच्या मधात एक पातळ पिशवी राह्यते. रोज टेकून टेकून ती सुजते, त्यात पाणी भरते. आता चटक्यातून जंतू शिरले, पू झाला." बाजूने सुई घालून त्यांनी काढलं तेव्हा नळीत पिवळं गढूळ आलं. ते तपासायला पाठवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मला चार दिवस ठेवून घेतलं, सलाइनमधून औषध दिलं. दोन दिवसांनी पुन्हा सुई घातली, तेव्हा कमी निघालं.

रेघा पाहून त्यांनी विचारलं, "हे कोनं केलं?" मी सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बैल डागल्यावर किती दिवस जुपत नाई?"

"तीन आठवडे."

"अन् तू?"

"दुसऱ्या दिवशी."

"मंग बैल कायनं बरा होते? चटक्यानं का बसून राह्यल्यानं?"

मी खाटेवर पडून त्याचाच विचार केला.

जाताना त्यांनी सांगितलं: गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, ताप आला किंवा लाली वाढली तर लगेच यायचं, आणि त्या गुडघ्यावर टेकायचं नाही. टेकलं तर पुन्हा भरेल.

मालकीणबाई म्हणाल्या, "मंग काम कसं होईन? दुसरी पाहू का?" मी आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीला उत्तर दिलं. "पाहा. पन तिचाबी गुडघा असाच होईन. दांड्याचा पोछा द्या, कोपरे मी पाटावर बसून घासीन." तीन आठवडे मी बसून राहिले. बाईंनी दुसरी पाहिली, ती आठ दिवसांत सोडून गेली. मग पोछा आला. वाटीवर अजून जाड कातडी आणि तीन रेघा आहेत, पण पाणी भरलं नाही.

घरी नवऱ्याच्या कपाळाला पाच टाके होते. मी डॉक्टरबाईंचा प्रश्न त्यालाच विचारला. त्यानंतर एकदा शेजारगावचा माणूस बैल घेऊन आला, तर तो म्हणाला, "आधी महिनाभर बसू दे त्याले, मंग पाहू." सळई तशीच कोनाड्यात पडून आहे.

टाक्यांचे अठराशे रुपये झाले होते. सासूने अट घातली. "तुनं फोडलं, तूच भर. नाई तं माहेरी जा." लाथेचं तिने काही मागितलं नाही. मी हो म्हटलं. मला ते पटलंच होतं. तो दुसरा मार मी जाणून मारला होता, तो कोणी फुकट माफ करू नये असं मला वाटत होतं.

पगारातून दर महिन्याला तीनशे दिले. सहाव्या महिन्याला शेवटच्या तीन नोटा मी त्याच्या हातात ठेवल्या. त्याने सवयीने पुन्हा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्याने मोजल्या, खिशात ठेवल्या आणि आतल्या सासूला ओरडून सांगितलं, "माय, फिटले."