हिरव्या गोलातला लाल ऊस

शेतकी अधिकाऱ्याने माझ्या बहिणीला फसवलं, आणि तेही मी करून दिलेल्या नकाशाने.

सोलापुरात माझं ऑफिस आहे. सुरुवात एका झेरॉक्स मशीनने झाली: सातबारा काढून देणं, अर्ज भरून देणं. आज चार माणसं माझ्याकडे नकाशांचं काम करतात. यातलं काही कुणी आयतं हातात ठेवलेलं नाही, आणि समोरच्याने सांगितलेला भाव मी पहिल्या बोलीत कधी मान्य केलेला नाही. भांडखोर बाई म्हणतात. म्हणू देत.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला नोंदलेल्या उसाचा नकाशा हवा होता. चिटबॉय, म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारा कारखान्याचा माणूस, बांधावर उभा राहून मोबाईलवर जागा टिपायचा. एका फडाची एक खूण. तोडीची तारीख लांब असेल तर हिरवी, जवळ आली की पिवळी, उलटून गेली की लाल.

कारखान्याच्या गट ऑफिसात पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा हजारो खुणा एकमेकींच्या उरावर बसल्या. गावांची नावं दिसेनात. तिथल्या शेतकी अधिकाऱ्याचा मोबाईल जागच्या जागी थिजला.

"मॅडम, हा नकाशा आहे का गोवर?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळले.

माझ्याकडच्या प्रोग्रॅमर बाईने मार्ग काढला. स्क्रीनवर एकमेकींच्या जवळ पडणाऱ्या खुणांचा एकच गोल करायचा आणि आत किती खुणा आहेत तो आकडा लिहायचा. नकाशा जवळ आणला की त्याच खुणा स्क्रीनवर लांब जातात. मग गोल फुटतो, त्याचे लहान गोल होतात, शेवटी सुटे फड दिसतात. ही जुळणी प्रत्येक पातळीसाठी सर्व्हरवर आधीच करून ठेवायची, आणि मोबाईलकडे फक्त समोर दिसतो तेवढाच भाग पाठवायचा. मला लगेच पटलं. मार्केट यार्डात कांद्याची थप्पी लांबून बघताना आपण कांदे मोजत नाही, थप्प्या मोजतो. कांदा बघायचा तर पोतं सोडतो.

प्रश्न रंगाचा होता. दोनशे फडांच्या गोलाला कोणता रंग द्यायचा? एक जरी लाल असेल तर गोल लाल, असं करून पाहिलं, तर अख्खा जिल्हा पेटल्यासारखा दिसला. उशीर झालेला एखादा फड सगळीकडेच असतो. सरासरी काढली, तर शंभर कोवळ्या खोडव्यांत, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेल्या पिकात, एक म्हातारा ऊस बुडून जायचा. शेवटी मी तोडगा सांगितला: रंग सरासरीचा असू दे, पण गोलात दोन आकडे ठेवा. वर एकूण फड, खाली लाल अक्षरात तारीख उलटलेले.

"लाल कशाला? संचालकांसमोर स्क्रीन लावायचाय," अधिकारी म्हणाला.

"मग त्यांना उन्हाचा चष्मा द्या. लाल आकडा राहणार."

"तुम्ही लई ताणता, मॅडम."

"ताणल्याशिवाय तुम्ही सोडत न्हाई की, साहेब."

दोन चहा झाले आणि तो कबूल झाला. मी जिंकल्यासारखी घरी आले.

माझी धाकटी बहीण अक्कलकोटच्या बाजूला राहते. नवरा गेल्यापासून आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या, उसाचे दोन एकर तीच बघते. वर्षाचं सगळं त्या दोन एकरांवर. पूर्वी तोड लवकर यावी म्हणून ती चिटबॉयला पुरणपोळीचं जेवण घालायची, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला खुशालीचे पैसे द्यायची. मी तिला सांगितलं होतं, "आता कुणाच्या पाया पडू नको. नकाशात तारीख आहे. तारखेला पुरणपोळी लागत नाही." तिने ऐकलं. माझं ती नेहमीच ऐकते.

गाळप सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर तिचा फोन आला.

"आक्का, तुझ्या नकाशात माझा ऊस हाय का न्हाय?"

"आहे की. का?"

"चिटबॉय मोबाईल दावतो. म्हणतो, तुमचा भाग हिरवा हाय, पाळी यायचीय. अगं, नकाशात हिरवा आन् रानात तुरा आलाय. पाचट वाळून कडकड वाजतंय. कुणाचं खरं धरू?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणलीस की, पाया पडू नको."

मी नकाशा उघडला. तिच्या गावावर मोठा हिरवा गोल, आत एकच आकडा. खालचा लाल आकडा गायब. जवळ गेले, गोल फुटला. आणखी जवळ गेले, पुन्हा फुटला. अगदी तळाशी तिचा फड दिसला, लालभडक. मागे आले, तो लाल पुन्हा हिरव्यात बुडाला. चार वेळा तसंच करून पाहिलं.

प्रोग्रॅमर बाईला विचारलं. ती गोंधळली. "साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, लाल आकडा काढायचं तुमच्याशी ठरलंय. तुम्ही बाहेरगावी होता." मी तिच्यावर ओरडले. ती रडली. चूक तिची नव्हती. तासाभरात तिने लाल आकडे परत आणले, आणि जिल्ह्याच्या नकाशावर जागोजाग ते उगवले. माझ्या बहिणीसारखे कितीतरी जण होते.

मी गट ऑफिस गाठलं. अधिकारी खुर्चीतून हलला नाही.

"मॅडम, लपवलंय काय? झूम करा की, दिसतंय."

"टोळ्या वाटताना तुम्ही झूम करता? भिंतीवर सगळा जिल्हा लावता आणि पिवळ्या गोलांकडे टोळ्या पाठवता. हिरव्याच्या आत कोण बघतंय?"

"गोलाला सरासरीचा रंग, हा नियम तुमच्याच नकाशाचा."

"माझ्या नकाशात दोन आकडे होते! एक तुम्ही खाल्ला!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वर बघायला लागली. त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही.

लाल आकडे परत आले, पण टोळ्या आधीच दुसरीकडे गुंतल्या होत्या. एका मुकादमाला मी रस्त्यात गाठलं. आयुष्यभर मी भाव पाडत आले. त्या दिवशी तो जे म्हणेल त्याला हो म्हणायला तयार होते. तो म्हणाला, "ताई, आमची माणसं गावाकडं निघाली. तुमी सोनं दिलं तरी कोयता कोण चालवणार?" दुसऱ्याने फोनच उचलला नाही. बहीण रोज विचारायची, "आज येतेत का?" मी रोज सांगायचे, "उद्या." मग तिने विचारायचं सोडलं. ते मला जास्त लागलं.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगामाचं गाळप संपलं, तेव्हा तिचा ऊस उभाच होता. मी रानात गेले. ती बांधावर बसून वाळलेलं कांडं सोलत होती. चावून बघितलं तर आत पोकळ, भुसा.

"गुळाला बी न्हाई चालायचा," ती म्हणाली. "शेजारचे म्हणतेत, वाढे तरी जनावराला द्या."

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

कारखान्याने पुढच्या हंगामासाठी तोच नकाशा मागितलाय. संचालकांना तो फार आवडला म्हणे; वेगाने उघडतो, स्वच्छ दिसतो. मी कळवलंय: बोलणी नंतर. आधी त्या शेतकी अधिकाऱ्याने संचालकांसमोर, भिंतीवरच्या त्याच नकाशाखाली उभं राहून सांगावं, की माझ्या नावावर खोटा फोन करून तो लाल आकडा त्याने का काढला, आणि कुणाच्या सांगण्यावरून. माझी बहीण समोर बसलेली असेल. उत्तर तिला द्यायचं आहे.