सतरा कोऱ्या उत्तरपत्रिका

देवाची भांडी चिंचेने घासायला घेतली होती. समई आणि तांब्या लखलखीत झाले होते, ताम्हण हातात होतं, तेवढ्यात कडी वाजली. कोपराने कडी काढली तर दारात खालच्या मजल्यावरचे नंदकुमार सर. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात घडी घातलेला कागद.

“स्मिताबाई आहेत ना, वहिनी? एक सही राहिली.”

माझी नणंद स्मिता त्यांच्याच शाळेत शिकवते. सर उपमुख्याध्यापक, आणि यंदा दहावीच्या परीक्षेचे केंद्रसंचालकही. म्हणजे पेपरांची पाकिटं आणायची, मोजायची, सील तपासायचं, दोन साक्षीदारांसमोर फोडायची, शेवटी उत्तरपत्रिका आणि हजेरीपत्रकांचा मेळ घालून तक्ता भरायचा. मोजायचं काम, आणि दिलं कोणाला? या गृहस्थाला.

सात वर्षं मी त्यांना वाशीच्या या इमारतीत बघते आहे. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून सभेचं इतिवृत्त ते सभेच्या आधीच लिहून आणतात. “चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.” एकदा चर्चेअंती भांडण झालं, तरी वहीत मंजूरच राहिलं. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा चौथा अध्याय चालू असतानाच यांनी प्रसादाचा द्रोण रिकामा केला. वर मला म्हणतात, “पुढचं मला माहीतच आहे, वहिनी.” देवाचं पुढचं ज्यांना माहीत, त्यांना दहावीच्या पेपरांचं काय!

रविवारी दुपारी गॅलरीत बसून त्यांनी आठवड्याभराचे तक्ते भरले, हे मी वरून कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. एकच पेन, एकच शाई. पाकिटं मिळाली अकरा, सील शाबूत, फोडण्याची वेळ दहा पन्नास, हजर दोनशे बासष्ट, गैरहजर निरंक. मुलं अजून घरी पाढे घोकत होती, आणि यांच्या कागदावर पेपर देऊन मोकळी झाली होती.

आज सोमवार, गणिताचा पहिला भाग, बीजगणित. सकाळी काय घडलं ते स्मिताने तीन वाजता घरी येऊन मला सांगितलंच होतं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सरांच्या खोलीत टेबलावर पाकिटं मांडली. अकरा होती, तक्त्यात अकराच लिहिलेली होती, त्यामुळे सर खूष. एक साक्षीदार स्मिता, दुसऱ्या शिवण शिकवणाऱ्या विमलबाई. त्यांनी न बघता सही ठोकली. सुरी घेऊन शिपाई तुळशीराम उभा होता, जवळच्याच बोनकोडे गावचा. स्मिता मात्र एकेक पाकीट उचलून वरची छापील पट्टी वाचू लागली.

“काय वाचताय? गणितच आहे,” सर म्हणाले.

“दहांवर भाग एक आहे, सर. अकराव्यावर भाग दोन.”

भाग दोन म्हणजे भूमिती. बुधवारचा पेपर.

“आकडा बरोबर आहे ना? मग वेळ घालवू नका. तुळशीराम, फोड.”

तुळशीरामने सुरी खाली केली. “मना नको सांगू साहेब. बाई बोलतान तां नीट बगा. फोडलां तं परत चिकटनार हाय का?”

स्मिताने त्या पाकिटावर हात ठेवला आणि उचललाच नाही. वर्गांतून डोकी मोजून आणवली तेव्हा सतरा मुलं आलेली नव्हती. हजर दोनशे पंचेचाळीस. एका पाकिटात पंचवीस, म्हणजे दहा पाकिटांत अडीचशे पेपर. पाच उरले. देवाने लाज राखली. माणसाची लायकी बघून राखत नाही तो, हे त्याचं मोठेपण.

पेपर पार पडला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कापडात शिवून लाखेचं सील लावून रवाना झाला. आणि आता हे गृहस्थ रविवारी भरलेला तोच तक्ता घेऊन माझ्या दारात.

“बसा,” मी म्हटलं. चहाचं विचारलं नाही.

स्मिता बाहेर आली. कागद वाचला. “सर, यात अकरा पाकिटं फोडली म्हणून लिहिलंय.”

“लिहिलंय ते राहू दे. बुधवारी हे पाकीट त्या दिवशीच्या पाकिटांत सरकवू. कोणाला कळतंय?”

“ते आहे कुठे?”

सरांनी भाजीची पिशवी जरा मागे ओढली. मेथीच्या जुडीखालून तपकिरी कागदाचा कोपरा दिसत होता.

“कपाटाची दुसरी किल्ली शिपायाकडे असते. माझ्याकडे जास्त सुरक्षित.”

साऱ्या केंद्राचा बुधवारचा पेपर मेथीखाली. मला हसू आलं आणि किळसही आली.

“मी सही करणार नाही, सर.”

“टेन्शन घेऊ नका हो. नुसती सही. जूनमध्ये तुमच्या कायम होण्याची शिफारस मलाच लिहायची आहे. दोन वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढलीत. एवढ्याशा गोष्टीवरून...”

स्मिताचा चेहरा उतरला. या नोकरीवर तिचं काय काय अवलंबून आहे ते मला माहीत आहे. मी बोलणार होते, पण तिने कागदावर बोट ठेवलं.

“इथे हजर दोनशे बासष्ट लिहिलंय.”

“हं.”

“हजेरीपत्रकांवर मुलांच्या सह्या दोनशे पंचेचाळीस आहेत. सहीसमोर उत्तरपत्रिकेचा नंबर आहे. गठ्ठ्यासोबतच्या चिठ्ठीवर मीच दोनशे पंचेचाळीस लिहिलंय, आणि गठ्ठा गेला. तुमच्या तक्त्यावरून बाकीच्या सतरा उत्तरपत्रिका बोर्ड मागेल. त्या कोऱ्या तुमच्या कपाटात पडल्यात. कोण सोडवणार, तुम्ही?”

सर कागदाकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं अक्षर वाचत असावेत.

“निरंक खोडून सतरा करू?” त्यांनी विचारलं.

“खोडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी सही लागेल. माझी मिळणार नाही.”

“मग?”

“नवा भरा. खरा.”

“कोरा फॉर्म नाहीये.”

मी हात धुतले, माझ्या रोजच्या वहीतून तीन पानं काढली आणि मधे कार्बन घालून पट्टीने रेघा मारल्या. अडुसष्ट सालापासून त्या वहीत तिथी, वार आणि दिवसभरात घडलेलंच लिहिते, न घडलेलं एक अक्षर नाही. तीच पानं सरांपुढे सरकवली. ते लिहू लागले. भाग एक, दहा पाकिटं, फोडली. भाग दोन, एक पाकीट, सील शाबूत, न फोडलेलं, चुकून ताब्यात आलं. “चुकून” लिहिताना पेन अडखळलं.

“‘न वाचता सही करून ताब्यात घेतलं’ असं लिहा,” स्मिता म्हणाली. “बेलापूरला पाकिटं वाटणाऱ्या परिरक्षकांनीही दिलं न बघता, पण सही तुमची आहे.”

लिहिलं बिचाऱ्यांनी. बिचारे म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. मग स्मिताने पाकीट मेथीखालून काढायला लावलं, चारही बाजूंची लाख उजेडात धरून पाहिली, आणि मगच सही केली. तिसरी प्रत घडी करून तिने ठेवून घेतली.

“ही कशाला?” सर.

“राहू दे माझ्याकडे. जूनपर्यंत.”

सरांनी मान हलवली. शिफारशीचं नाव पुन्हा काढलं नाही. उठताना मात्र मला म्हणाले, “वहिनी, हे सोसायटीत कुठे बोलू नका.”

“मी कशाला बोलू? इतिवृत्त तुम्हीच लिहिता ना,” मी म्हटलं.

मेथी मी ठेवून घेतली, घरी पोचवते म्हणून; पाकिटावर पुन्हा भाजी नको. ते दोन्ही हातांनी पाकीट छातीशी धरून जिना उतरले, आणि बेलापूरची बस पकडायला निघाले: भूमितीचं पाकीट परिरक्षकांना परत द्यायचं, आणि आपलं अकरावं बीजगणिताचं पाकीट तिथेच राहिलंय असं लेखी घेऊन यायचं.