हजार ताटांचा हिशेब

बिछायतीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. भाड्यानं गेलेलं लग्नाचं सामान परत आलं की गाद्यांत गुंडाळून चार-दोन किस्सेही येतात. आमचं दुकान लाखांदूरला. मालक नामदेवभाऊ, वही लिहिणारे काकाजी, आणि मी दिलीप, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ! आधी जीप चालवायचो. जीप विकली गेली, मी उरलो.

पहिल्याच आठवड्यात भाऊंनी मंडप टाकायला पाठवलं. पत्ता काय, तर "हिरव्या दरवाज्याचं घर". आम्ही खांब रोवले, कापड ताणलं, झालर लावली. घरधन्यानं चहा दिला, दोऱ्या ओढायला मदत केली, स्वतःची शिडीही आणून दिली.

सगळं झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "काम तं मस्त झालं जी. पण लग्न कोनाचं हाये?"

हिरवा दरवाजा पलीकडच्या गल्लीतही होता!

दुसऱ्या एका गावी माईकवाला "हॅलो, हॅलो" करत बसला होता. आतून एक आजी दर वेळी ओरडायची, "आली, आली बाप्पा!" आणि काठी टेकत बाहेर यायची. चौथ्या खेपेला मात्र ती भडकली.

"बलावतोस अन् बोलत काहीच नाहीस. काम काय हाये तुले?"

त्या पोरानं माईक बंद केला आणि तिच्या पाया पडला. तिनं आशीर्वाद दिला, पण काम काय होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता कोंढा गावच्या लग्नाचं ऐका. मुलीचे वडील वासुदेवमामा, आमचे जुने गिऱ्हाईक. सामान परत आलं, ताटं मी मोजली. सातशे तीस. काकाजींच्या वहीत गेलेल्या ताटांची बेरीज हजार. दोनशे सत्तर ताटं गायब!

भाऊंनी मामांना फोन लावला. मामाही चक्रावले. "काकाजीची वही तं चुकत नाही. पाहतो मी," एवढंच म्हणाले.

मग भाऊ माझ्याकडे वळले. "मोजलं तू, सही तुही. सांजेपर्यंत ताटं नाही भेटले तं तुह्या पगारातून कापतो."

म्हणजे तीन महिन्यांचा पगार! घरी काय सांगणार होतो?

पुन्हा मोजली. सातशे तीस. वही उघडली. ताटं तीन खेपांत गेली होती: साडेचारशे, अडीचशे, तीनशे. बेरीज केली, हजार. उलटी केली, तरी हजार. ताटं बरोबर, बेरीज बरोबर. मग चुकलं कोण? माझं डोकं चालेना, पण त्या हजारावर विश्वासही बसेना.

काकाजी पान लावता लावता म्हणाले, "फरकाले नऊनं भागून पाह्य. पुरा भाग गेला तं एखादा आकडा घर सोडून सरकला असंन. पण माह्या वहीत तसं नाही होत."

भागलं. दोनशे सत्तर भागिले नऊ, बरोबर तीस! बाकी काही नाही. पण त्याचं करू काय? काकाजींनी पुन्हा समजावलं. आकडा एक घर डावीकडे सरकला की दहापट होतो. म्हणजे मूळ एकपट आणि वर नऊपट जास्तीचे. ते जास्तीचेच दोनशे सत्तर असतील, तर मूळ आकडा तीस.

वहीत तीस कुठेच नव्हते. तीनशे मात्र होते.

मी पावतीबुकातली त्या खेपेची नक्कल काढली. काकाजींच्याच अक्षरात होतं: "ताटं ३० नग, मोटारसायकलवर." वहीत मात्र तो तीन दशकाच्या घराऐवजी शतकाच्या घरात, वरच्या चार आणि दोनच्या बरोबर खाली लिहिलेला. पुढची रिकामी घरं भरायला दोन शून्यं दिलेली!

भाऊंनी पावती पाहिली, मग वही पाहिली. "काकाजी, तीनशे ताटं मोटारसायकलवर जातेत काय जी?"

काकाजींनी चष्मा पुसला. "जाणारा कोन होता, ते पाहा लागन," असं पुटपुटत त्यांनी लाल शाईनं तीनशे खोडले, वर तीस लिहिले. खाली बेरीज सातशे तीस. मी सुटलो! इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. वासुदेवमामा उतरले, घामाघूम. ऑटोत ताटंच ताटं.

"घ्या भाऊ, दोनशे सत्तर. साऱ्या गावात घरोघरी फिरलो. काकाजीची वही, कमी कसे पडतीन?"

मी एक ताट उचललं. त्यावर कोरलेलं: "शांताबाईस आत्याकडून भेट." दुसऱ्यावर: "चि. रमेश, बारशाची आठवण."

काकाजी उठले, ऑटोतली ताटं शेवटपर्यंत मोजली, वही पुढे ओढली आणि लाल शाईचं झाकण उघडत म्हणाले,

"मी म्हटलं होतं न, हजार!"