आधी आईला

लहान मुलं तपासायची माझी एक पद्धत आहे. स्टेथोस्कोप आधी आईच्या छातीला लावायचा. आईला काही झालं नाही असं दिसलं की पोर गप्प बसतं. शाळा-अंगणवाड्या तपासत जव्हार-मोखाड्याचे पाडे फिरणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरणीला असली नाटकं यावीच लागतात. नाटक म्हटल्यावर आईच्या छातीतलं ऐकतं कोण? लक्ष सगळं पोराकडे.

खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर, चढावरच्या अंगणवाडीत, तीन वर्षांची एक मुलगी आई आणि आजीबरोबर आली होती. आजी आत आली ती सुनेची तक्रार घेऊनच. "चढ आला का ही बसते. पोर मीच आणली वर. कामाचा कंटाळा हाय हिला, दुसरां काय नाय."

सून मागून आत आली. तिला धाप लागली होती.

मुलीने मला पाहून भोकाड पसरलं. मी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. पोरगी गप्प होईना, म्हणून तो तिथेच राहिला. आणि कानात नळ्या असल्यावर ऐकू तर येणारच. हृदयाचा दुसरा ठोका, 'लब-डप'मधला डप, दुभंगलेला होता. तसा तो कुणाचाही श्वास घेताना दुभंगतो, पण सोडताना पुन्हा जुळतो. हिचा जुळतच नव्हता. जोडीला फुप्फुसाकडे जास्तीचं रक्त जातानाची बारीकशी सूंसूं. मी तिला तीनदा श्वास सोडायला लावलं.

मग मुलगी थकून गप्प झाली आणि तिचं ऐकलं, तर तिथे वेगळाच धिंगाणा. प्रत्येक ठोक्याला खरखरीत, मोठा आवाज. मला हसूच आलं. एकाच घरात हृदयातली दोन छिद्रं, एक बोंबलणारं आणि एक मुकं!

पुढे जव्हारला हृदयाच्या सोनोग्राफीचं शिबिर होतं. पोरीसाठी यायला तिघी एका पायावर तयार होत्या. आईचीही तपासणी तिथेच उरकून घेतली आणि पडद्यावर जे दिसलं ते मी सासूला भाताच्या खाचरांवरून सांगितलं. हृदयात वर दोन खोल्या, खाली दोन, मधे पडदा. खालच्या दोहोंत डावीचा जोर फार मोठा. म्हणजे एक खाचर उंचावर, दुसरं पार खाली. मधल्या बांधाला बारीक भोक पडलं तर पाणी आवाज करत उडणार. पोरीचं तसं आहे. भोक बारीक आहे, ती नीट वाढते आहे, ते बहुधा आपोआप बुजेल, आपण फक्त बघत राहायचं. मोठं असतं तर ती दोन महिन्यांची असतानाच कळलं असतं: दूध पिताना दमली असती, कपाळाला घाम सुटला असता, वजन वाढलं नसतं.

"न् हिचां?" सासूने सुनेकडे बोट केलं.

वरच्या दोन खोल्यांचा जोर जवळजवळ सारखा. दोन खाचरांत बोटभर फरक. बांध चांगला रुंद फुटला तरी पाणी मुकाट डावीकडून उजवीकडे सरकतं. पोरपणी काही कळत नाही. पण तेच रक्त पुन्हा पुन्हा फुप्फुसात जातं, उजवी बाजू फुगत जाते, आणि ऐन उमेदीत चढ चढताना दम लागतो. वेळेत बंद केलं नाही तर पुढे सगळंच अवघड.

"छाती कापायला नको," मी म्हटलं. "मांडीच्या शिरेतून छोटी चकती नेऊन भोकावर बसवतात. पण मुंबईला जावं लागेल."

"मना नको," सून म्हणाली. "पोरीचां बघा. लावणी तोंडावर हाय."

मला राग आला. या बायकांना स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे चोरी केल्यासारखं का वाटतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूच कडाडली. "बांध फुटला तं लावणी सरायची वाट बघतां का आपण? तू जा. लावणी मी करीन, पोरही ठेवीन."

त्या क्षणी मला त्या म्हातारीला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, तिने मला झटकलं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच अंगणवाडीत मायलेकी आल्या. पोरगी आईच्या कडेवर. मी स्टेथोस्कोप पुढे केला तर तिने माझा हात ढकलला. "आधी आयेला."

मी ऐकलं, या वेळी मन लावून. श्वास घेतला, डप दुभंगला. सोडला, जुळला. मग पोरीचं ऐकलं. तिथला धिंगाणाही मिटला होता.

एवढ्यात दारात सासू टेकली, घामाघूम.

"सांगा हिला कायतरी," ती मला म्हणाली. "चढाला जरा बसू म्हटलां, तं ही थांबतच नाय."