चार टिकवाले

माझ्या बाबांना आमच्या रस्त्यावर कुणी नावाने ओळखत नाही. ‘चार टिकवाले’ म्हणतात. हँडब्रेकचा दांडा ओढताना टिक टिक असा आवाज येतो ना, तो. बाबांच्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की दांडा चौथ्या टिकला घट्ट बसणार, ही त्यांची शान. पाचवी टिक ऐकू आली तर त्यांच्या कपाळावर आठी पडते, जणू कुणी त्यांच्या तोंडावर त्यांनाच शिवी दिली.

आणि त्यांची एक रीत आहे. हँडब्रेकचं काम झालं की गाडी गॅरेजसमोरच्या चढावर लावायची, गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसवायचं, दांडा ओढायला लावायचा, गियर काढायला लावायचा, आणि स्वतः जाऊन गाडीच्या मागे उभं राहायचं. पाठ गाडीला जवळजवळ टेकवून, हाताची घडी घालून. मग ओरडायचं, “काढा पाय ब्रेकवरून.” गिऱ्हाइकाचा जीव खालीवर होतो. गाडी हलत नाही. बाबा मागे वळूनही बघत नाहीत. हा तमाशा बघायला समोरचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून येतो.

मला हा माणूस आवडतो का? खरं सांगायचं तर बहुतेक दिवस नाही. नाकावर माशी बसू देत नाहीत. एखाद्याचं चुकलं तर चारचौघांत त्याची सालं काढतात, स्वतःचं चुकलं तर गाडीचं नशीब खोटं. माझी आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते सगळं माझ्याच वाट्याला येतं. मी गाडी चालवायला शिकले तेव्हा म्हणाले, “एक दिवस आपटशील.” मी अजून आपटले नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलंय.

मी एका उपचार केंद्राची व्हॅन चालवते. अर्धांग झालेली, पडून हाड मोडलेली म्हातारी माणसं घरोघरून उचलायची आणि व्यायामाला केंद्रात सोडायची. व्हॅनच्या मागच्या दाराला लिफ्ट आहे, त्यावरून चाकाची खुर्ची खाली उतरते. केंद्राचं फाटक चढाच्या बरोबर मध्यावर. सपाट जागा नाही, दुसरं दार नाही. लिफ्टला इंजिन चालू लागतं, म्हणून गाडी गियरमध्ये टाकून बंद करता येत नाही. म्हणजे उतरवताना सगळी मदार हँडब्रेकवर आणि मागच्या चाकाखाली ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर. आणि खुर्ची कुठे उतरते? गाडीच्या बरोबर मागे.

मध्यंतरी व्हॅनचा दांडा लांब जायला लागला. आधी सहा टिक, मग आठ, मग ओढता ओढता माझं कोपर मागच्या सीटला लागायची वेळ आली, तरी गाडी धरत नव्हती. मी बाबांकडे नेली. ते गाडीखाली शिरले, दोन पाने फिरवले आणि बाहेर आले. केबल ताणून दिली होती. चौथ्या टिकला दांडा घट्ट. मग मागे उभे राहिले. गाडी हलली नाही.

आठवड्याभरात पुन्हा तेच. पुन्हा केबल ताणली, पुन्हा चार टिक, पुन्हा मागे उभे.

“केंद्रावर धरत नाही, बाबा.”

“इथे धरते की नाही?”

“इथे धरते.”

“मग तुझ्या ओढण्यात दोष आहे. दांडा ओढायचा असतो, त्याचा हात धरून फिरायला न्यायचं नसतं.”

पंक्चरवाला हसला. ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर मी दांडा पूर्ण ओढला. केंद्राच्या मदतनीस मावशी मागे ठोकळा लावून लिफ्ट खाली घेत होत्या. खुर्चीत जाड चष्म्याच्या आजी होत्या, अर्ध्या अंगाने लुळ्या, बडबड मात्र शाबूत. खुर्ची लिफ्टवरून जमिनीवर आली आणि गाडी मागे सरकली. वीतभरच. ठोकळा चाकाला पुरता भिडलेला नव्हता, तो मध्ये आला आणि गाडी थांबली. पण तेवढ्यात लिफ्टची लोखंडी चौकट आजींच्या गुडघ्याला लागली. मावशींनी खुर्ची मागे खेचली म्हणून पाय वाचला. मी पाय ब्रेकवर दाबला तोवर हे सगळं होऊन गेलं होतं.

मावशी खिडकीशी आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “बाई, हे नीट होत नाही तोवर मी मागे उभी राहायची नाही. आणि कुणाला उतरवायचीही नाही.”

त्या बरोबर होत्या. परतताना मी डोकं लावायला बसले. गॅरेजमध्ये धरते, केंद्रावर धरत नाही. चढ दोन्हीकडे सारखाच. मग फरक काय? गॅरेजमध्ये गाडी थंड असते. केंद्रावर मी अर्धं शहर फिरून पोहोचते. मी बाजूला थांबले आणि मागच्या चाकाजवळ हात नेला. टेकवायचीही गरज पडली नाही, एवढी आग येत होती. जळका वासही होता. पुढची चाकं कोमट. म्हणजे मागचे ब्रेक दिवसभर घासत होते. केबल इतकी ताणलेली, की दांडा खाली असतानाही ब्रेकचे शूज, म्हणजे आतून दाबणाऱ्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमला चिकटून. घासून ड्रम तापतो, तापून फुगतो, शूजपासून लांब जातो, आणि दांडा पुन्हा लांब. शिवाय तापलेल्या शूजची पकडही जाते. चार टिकची शान थंड गाडीपुरतीच होती.

मी तशीच, गाडी गार व्हायला वेळ न देता, गॅरेजवर आले. चढावर लावली. बाबा दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकले होते.

“बाबा, मागे उभे राहा.”

“काम आहे.”

“रोज मिरवता ना? आज माझ्यासाठी राहा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर माफी मागितली असती. हात पुसत आले, पाठ करून उभे राहिले. मी दांडा ओढला. टिक मोजल्या नाहीत, पुष्कळ झाल्या. गियर काढला. ब्रेकवरचा पाय अगदी हळू उचलला, पूर्ण नाहीच, आणि गाडी मागे गेली तशी दाबला. बाबांच्या पाठीला धक्का बसला. ते एक पाऊल पुढे कोलमडले.

मी त्यांना इजा करणार नव्हते. पण तो धक्का बसला तेव्हा मला बरं वाटलं, हेही खोटं कशाला सांगू.

“चाकाला हात लावा,” मी म्हटलं.

त्यांनी लावला आणि झटकन काढला. समोरून पंक्चरवाला बघत होता. बाबा त्याला म्हणाले, “तुला काम नाही का रे?” मग मला म्हणाले, “चावी ठेव आणि जा.”

मी गेले नाही. स्टूल ओढून बसले. तुम्ही माझ्या ओढण्याला नावं ठेवलीत, आता मी तुमचं काम बघणार, असं मी बोलले नाही, पण त्यांना ऐकू गेलं असावं. पुढच्या चाकांना ठोकळे लावून त्यांनी गाडीचं मागचं अंग उचललं. खाली शिरून केबलचा नट पूर्ण सैल केला. मग, इतक्या वर्षांत मी त्यांना हँडब्रेकच्या कामात कधी न पाहिलेली गोष्ट केली. ड्रम उघडायला घेतले.

निघता निघेनात. हातोडीने ठोकून ठोकून सोडवले. आत काळी भुकटी साठलेली. शूज झिजून पातळ. आणि शूज फाकवायचं जे छोटं दातेरी चाक असतं, शूज झिजले की जे फिरवून अंतर भरून काढायचं, ते गंजून जाम. झीज आत होत होती, आणि हा माणूस बाहेरून केबल ताणत होता. केबलही ताणून ताणून लांबलेली, नट पुढे न्यायला आटेच उरले नव्हते.

“आधी आतलं करायचं, मग केबल. हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“ड्रम उघडायला अर्धा दिवस जातो. केबलने भागत होतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “बहुतेकांचं भागतं.”

मी संतापले. न कळून केलं असतं तर एक वेळ मान्य. आजींचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी म्हटलं, “तुमच्या चार टिकपायी आज एका म्हातारीचा पाय गेला असता.” त्यांनी पाना बदलला.

नवे शूज आणि नवी केबल आणायला मीच दुकानात गेले. परत आले तोवर दातेरी चाकं साफ होऊन फिरू लागली होती. नवे शूज बसवून बाबांनी ड्रम चढवला. चाक हाताने फिरवत दाते पुढे सरकवले, ते अडकेपर्यंत. मग थोडे मागे घेतले, चाक मोकळं फिरेल आणि घासल्याची जेमतेम चाहूल लागेल इतपत. दुसरीकडेही तसंच. मला पायाचा ब्रेक दाबायला लावला, शूज जागेवर बसावेत म्हणून. सगळ्यात शेवटी केबल. ती दांडा ओढून ओढून बसवली आणि मग नट आवळायला घेतला. चार टिकला आणला. चाक फिरवून पाहिलं. घासत होतं.

ते चाकाकडे बघत राहिले. मग नट सैल केला. सहाव्या टिकला दांडा घट्ट झाला, खाली सोडला की चाक मोकळं गरगरलं. पंक्चरवाल्याने टिक मोजल्या असणार. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“चला केंद्रावर,” मी म्हटलं. “इथलं थंड गाडीचं नाटक मला नको.”

ते चालवत आले, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. फाटकापाशी गाडी लावली, दांडा ओढला, गियर काढला. मी उतरून मागच्या चाकांना हात लावला, कोमट होती. मागे जाण्यासाठी ते उतरू लागले तशी मी दारात आडवी उभी राहिले.

“तुम्ही बसा. मागे मी उभी राहते.”

“काही गरज नाही.”

“रीत तुमचीच आहे.”

मी मागे जाऊन उभी राहिले, पण पाठ केली नाही. तोंड गाडीकडे ठेवलं. ओरडले, “काढा पाय ब्रेकवरून.”

“काढला,” आतून आवाज आला.

गाडी हलली नाही. पण मागचे दोन्ही लाल दिवे माझ्या तोंडावर जळत होते. पाय ब्रेकवरच होता.

“बाबा, काढा.”

“काढलाय म्हणतो ना.”

कामाबद्दल हा माणूस उद्धट बोलेल, समोरच्याला मूर्ख ठरवेल, पण झालं नाही ते झालं असं मी त्यांना कधी म्हणताना ऐकलं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. दिवे जळतच होते.

“तू बाजूला हो आधी,” ते म्हणाले. “बाजूला हो, मग काढतो.”

“रोज इथे कुणाची तरी आई असते, बाबा. तिला कुणी सांगत नाही बाजूला हो म्हणून.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दिवे विझले. गाडी जागची हलली नाही. मी तिच्या पत्र्यावर हात टेकवून थोडा वेळ उभी राहिले आणि मग पुढे गेले. बाबा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि त्यांचा उजवा गुडघा उडत होता. त्यांनी तो हाताने दाबून धरला, तरी थांबेना.