कानशिलाजवळचे केस

मी खरेदी विभागात आहे. आमच्या कारखान्यात गाड्यांचे ओतीव भाग बनतात. त्याला लागणारं भंगार, वाळू, पुठ्ठ्याची खोकी, सगळ्याचे दर मी ठरवतो. समोरचा माणूस 'हा शेवटचा भाव' म्हणाला की तिथून माझं बोलणं सुरू होतं. स्टोअरमध्ये पोती मोजण्यापासून इथवर आलो ते याच जोरावर. कुणाची चिठ्ठी घेऊन आलो नव्हतो.

केस खांद्यापर्यंत आहेत. का वाढवले, याला मोठं कारण नाही. पेठ वडगावला लहान असताना वडील उन्हाळ्यात डोक्यावर मशीन फिरवून आणायचे, म्हणजे पुन्हा लवकर न्यायला नको. स्वतःच्या पगारावर उभा राहिल्यावर वाटलं, आता बघू तरी कुठवर येतात. आले, आणि मला ते शोभले. कोल्हापुरात लांब केसांचा पुरुष दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, नवसाचा. गेटवरचा वॉचमनसुद्धा पहिल्यांदा म्हणाला होता, "काय पावणं, जोतिबाला काय बोललाय?"

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. काम मीच करत होतो, त्यामुळे जागा मला मिळणार हे सगळे धरून चालले होते. एच.आर.च्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याहून नवीन आलेले, बोलायला मऊ. म्हणाले, प्रमुख झालात की बाहेरच्या कंपन्यांची माणसं तुम्हाला भेटणार, जरा केसांचं बघा. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नवस वगैरे आहे का? असेल तर तसं सांगा. प्रश्नच मिटला."

अकाउंट्समधल्या एकाची दाढी छातीपर्यंत आली होती. नवसाची म्हणून तिला कुणी बोट लावत नव्हतं. मलाही 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण माझं डोकं सटकलं, आणि डोकं सटकलं की माझी भाषा गावाकडं जाते.

"नवस न्हाय साहेब. माझं केस हायत, म्हणून हायत."

मग मी माझ्या धंद्यावर आलो. कंपनीच्या पेहरावाच्या धोरणात काय लिहिलंय ते विचारलं. 'नीटनेटके आणि व्यावसायिक' एवढंच होतं, लांबीचा शब्द नव्हता. मी म्हणालो, दिवाळीनंतर गिऱ्हाईक कंपनीची माणसं कारखाना तपासायला येणार आहेत. तोवर माझी एक बट जरी सुटलेली दिसली, तर मी केस कापतो आणि त्या जागेचं नाव काढत नाही. नाही दिसली, तर केस आणि जागा दोन्ही माझी.

"ठीक आहे," साहेब लगेच म्हणाले.

मी केबिनबाहेर आलो आणि चूक लक्षात आली. माझ्या बोलीला समोरचा इतक्या पटकन 'ठीक आहे' म्हणतो तेव्हा एकच अर्थ असतो. मी जास्त देऊन बसलो होतो.

त्यानंतर रोज सकाळी आरशासमोर भीती उभी असायची. आधी सकाळीच डोक्यावरून आंघोळ करून ओले केस बांधायचो. पावसाळ्यात ते दुपारपर्यंत आत ओलेच राहायचे, कुबट वास यायचा आणि सोडताना तुटायचे. म्हणून धुणं संध्याकाळवर नेलं. साधा रबर केस ओढून काढतो म्हणून कापडी रबर आणला. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही, म्हणून गाठ मानेवर, कॉलरच्या वर. हेल्मेट काढलं की कपाळाजवळचे बारीक केस उभे राहायचे, त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये, गाडीच्या आरशात बघून जेल. जेल जास्त झालं की दुपारनंतर कोंड्यासारखा पांढरा भुगा पडायचा, तोही झटकायचा. आणि या सगळ्यावर माझा भरवशाचा उपाय एकच होता: ओढून बांधणं. भुवया वर जातील इतकं ओढून. मीटिंगमध्ये पुरवठादार दर सांगत असायचा आणि माझा हात कानामागं काही सुटलंय का ते चाचपत असायचा. एकदा साहेब जिन्यात भेटले, माझ्या डोक्याकडं बघून नुसते हसले. त्या दिवशी मी साध्या खोक्यांच्या दरावरून फोनवर इतका ओरडलो की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून चहाला गेली.

डोकं दुखायचं. रात्री केस सोडले की कानशिलाजवळची कातडी ठणकायची. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

दसऱ्याच्या सुमाराला बायको माझ्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

"अहो, इथं कातडी दिसाय लागलीय की."

"कुठं?"

"दोन्ही बाजूला. आन बारीक पुळ्या पण हायत."

मी मोबाईलवर फोटो काढून बघितला. कानशिलाच्या वर, जिथून केस मागं ओढले जातात बरोबर तिथं, विरळ पट्टा होता. मधेमधे आखूड तुटके केस. बायको म्हणाली, "त्या साहेबाच्या नाकावर टिच्चून राखताय आन त्याच्याच पायी घालवताय."

राजारामपुरीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी केस बाजूला सारून भिंगातून बघितलं आणि आधी विचारलं, किती घट्ट बांधता? मी बांधून दाखवलं. ते म्हणाले, सततच्या ओढीनं मुळं सैल होतात. आत्ता ओढ थांबवली तर बरेचसे परत येतील, पण काही महिने जातील. असंच चालू ठेवलंत तर मुळं मरतात, मग तिथं काही उगवत नाही. सगळे येतील का, असं मी विचारलं. तसं वचन देता येत नाही, एवढंच ते म्हणाले. त्यांच्याशी घासाघीस करता येईना. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

गिऱ्हाईकाची माणसं यायला थोडेच आठवडे उरले होते. सैल बांधले तर बट सुटणार, आणि माझ्याच शब्दानं केस आणि जागा दोन्ही जाणार. घट्ट बांधले तर जागा मिळणार आणि केस असेच जाणार. दोन दिवस मी घट्टच बांधून गेलो, इतका घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी केबिनचं दार ढकललं, साहेबांसमोर बसलो आणि रबर काढला.

ते दचकले. मी केस मागं धरून दोन्ही कानशिलं दाखवली.

"तुमच्या नीटनेटक्यापायी हे झालंय. आता सौदा बदलायचा."

साहेब म्हणाले, "अट तुम्हीच घातली होती."

"व्हय, मीच घातली. चुकीची घातली. पण धोरण तुमचं हाय, त्यात बट कुठं हाय?"

मग मी एकेक मुद्दा मांडला. गाठ मानेवर, कॉलरला न टेकणारी. केस धुतलेले, सुके, तोंडावर न येणारे. मशीनजवळ जाताना टोपीच्या आत, कारण तिथं सुटा केस खरंच धोक्याचा आहे आणि ते मला कुणी सांगायला नको. पण कानाजवळचे दोन केस सैल असले तर तो गुन्हा नाही. साहेब माझ्या कानशिलाकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर किळस होती की दया, कळलं नाही. शेवटी म्हणाले, "बांधा बरं आधी." त्यांच्यासमोरच मी सैल गाठ मारली. त्यांनी पुढून बघितलं, उठून मागून बघितलं. गाय पारखावी तसं. मग मान हलवली.

तपासणीच्या दिवशी मी टोपी घालून भट्टीपासून पॅकिंगपर्यंत पाहुण्यांबरोबर हिंडलो. पूर्ण वेळ कानामागं एखादी बट सुटल्यासारखं वाटत होतं. पाहुण्यांनी वाळूचे दर विचारले, भंगाराचा पुरवठा कुठून होतो ते विचारलं. केसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या महिन्यात जागा मला मिळाली. साहेबांनी अभिनंदन केलं, आणि नवसाच्या दाढीला आजवर कुणी मागून-पुढून तपासलं नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता सैल बांधतो. सकाळी केस विंचरण्याआधी बोट कानशिलावर फिरवतो. उजवीकडं बारीक, मऊ काहीतरी लागतं. डावीकडं अजून गुळगुळीत आहे.